लाल म्हणजे किती अंश?

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये आणि कारखान्यांच्या पॅनल रूममध्ये थर्मल कॅमेरे फिरू लागतात. कुणी ऑडिटसाठी तपासणी करून घेतं, कुणी मागच्या वर्षी जळालेल्या केबलची धास्ती घेऊन. काही दिवसांनी सेक्रेटरींच्या हातात एक रंगीत अहवाल पडतो. पानोपानी जांभळ्या पार्श्वभूमीवर केशरी, पिवळे, पांढरे डाग. बघणारा एक तर घाबरतो, नाही तर निर्धास्त होतो, आणि दोन्ही वेळा तो फक्त रंग बघत असतो. चित्राच्या कडेला एक उभी रंगपट्टी असते, तिच्या माथ्यावर एक आकडा आणि पायाशी एक आकडा. त्या पट्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. चित्र वाचायला सुरुवात मात्र तिथूनच करायची असते.

समजा, एकाच स्विचबोर्डची दोन थर्मल चित्रं तुमच्यासमोर ठेवली. पहिल्यात एक एमसीबी पांढराशुभ्र तळपतोय, शेजारचे केशरी आहेत आणि बाकी बोर्ड काळानिळा. दुसऱ्या चित्रात सगळा बोर्ड जांभळा, एकही डाग नाही. पहिलं बघून कुणीही वायरमनला फोन लावेल. आता पट्ट्या बघा. पहिल्या चित्राच्या पट्टीवर खाली 31 आणि वर 35 आहे. दुसरीवर खाली 30 आणि वर 90. म्हणजे पहिल्या चित्रातला तो ‘तळपणारा’ एमसीबी फक्त 35 अंश सेल्सिअसला आहे, आपल्या अंगापेक्षाही थंड. काही बिघडलेलं नाही. चार अंशांच्या फरकावर कॅमेऱ्याने सगळे रंग पसरून टाकले, एवढंच.

हे कळायला कॅमेरा काय करतो ते थोडक्यात समजून घ्यावं लागतं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारी उष्णता असते, हे विल्यम हर्शेल यांनी 1800 साली लोलक आणि साधे तापमापक वापरून दाखवलं होतं. आपल्या रोजच्या वस्तूंचं हे उत्सर्जन 10 मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींमध्ये सर्वांत जास्त असतं, म्हणून बाजारातले बहुतेक थर्मल कॅमेरे साधारण 8 ते 14 मायक्रॉनचा पट्टा टिपतात. आत बारीक बारीक संवेदकांची जाळी असते. साध्या कॅमेऱ्यात ती 160 गुणिले 120, म्हणजे 19,200 बिंदूंची असते. प्रत्येक बिंदू आलेल्या किरणांनी किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून कॅमेरा त्या बिंदूसाठी एक तापमान काढतो.

इथपर्यंत रंगाचा संबंधच नाही. कॅमेऱ्याकडे आहे तो 19,200 आकड्यांचा तक्ता. असा तक्ता माणसाला बघून कळत नाही, म्हणून प्रत्येक आकड्याला एक रंग दिला जातो. शाळेच्या नकाशात मैदानाला हिरवा आणि डोंगराला तपकिरी रंग देतात, तसाच हा प्रकार. सह्याद्री काही तपकिरी नाही, आणि गरम केबलही पिवळी नाही. नकाशाच्या कोपऱ्यात उंचीची सूची असते म्हणून त्या तपकिरीला अर्थ येतो. थर्मल चित्रात ते काम कडेची पट्टी करते.

फरक इतकाच की नकाशाची सूची छापताना एकदा ठरते. कॅमेऱ्याची पट्टी मात्र तुम्ही कॅमेरा वळवाल तशी बदलत राहते. बहुतेक कॅमेरे विकत घेताना ‘ऑटो’वर असतात. समोरच्या दृश्यात जे सर्वांत थंड आहे ते पट्टीच्या पायाशी, जे सर्वांत गरम आहे ते माथ्याशी, आणि मधल्या सगळ्यांना रंग वाटून दिले जातात. त्यामुळे ऑटोवर काढलेल्या प्रत्येक चित्रात काही ना काही पांढरं दिसणारच. थंड पडलेल्या, बंद पॅनलमध्येही दिसणार. पांढरं आहे याचा अर्थ ‘या चित्रात हे सगळ्यांत गरम’ इतकाच. दोन चित्रांची तुलना करायची असेल तर दोन्ही पट्ट्यांचे आकडे तेच हवेत. त्यासाठी पट्टी हाताने ठरवून कुलूपबंद करावी लागते. ही सोय जवळजवळ प्रत्येक चांगल्या कॅमेऱ्यात असते, आणि अहवाल बनवणाऱ्यांपैकी पुष्कळजण ती वापरत नाहीत. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारा आळस हाच.

आता एक चित्र सावकाश वाचू. समजा, सोसायटीच्या मुख्य पॅनलमधल्या एका आउटगोइंग स्विचचं चित्र आहे. तीन फेज, आर, वाय, बी. स्विचच्या खालच्या बाजूला तीन केबल लग लावून बोल्टने आवळल्या आहेत. चित्रात आर आणि वायच्या केबल जांभळ्या, बीची केबल लगजवळ फिकट पिवळी. पट्टी ज्या रंगसंगतीची आहे तिला कॅमेऱ्याच्या मेन्यूत बहुधा ‘आयर्न’ म्हणतात. तिच्यात तळाला काळानिळा, मग जांभळा, तांबूस, केशरी, पिवळा आणि माथ्याला पांढरा असा क्रम असतो. तापवलेलं लोखंड जसं उजळत जातं तसा हा क्रम अंधारातून उजेडाकडे जातो, म्हणून नवख्यालाही तो पटकन कळतो. दुसरी ‘रेनबो’ नावाची रंगसंगती असते, इंद्रधनुष्यासारखी. तिच्यात रंग जास्त असल्याने बारीक फरक उठून दिसतात, पण मधला पिवळा किंवा हिरवा भाग शेवटच्या लालपेक्षा उजळ असतो, आणि डोळा फसतो.

पट्टीवर खाली 34 आणि वर 82 लिहिलं आहे. आधी एकक बघायचं. परदेशी बनावटीच्या कॅमेऱ्यात चुकून फॅरनहाइट राहिलेलं असू शकतं, आणि 140 फॅरनहाइट म्हणजे आपले 60 सेल्सिअस. इथे सेल्सिअस आहे. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत 48 अंश. आता मोजपट्टी घ्या. कागदावर छापलेली रंगपट्टी 60 मिलिमीटर लांब भरली. बीच्या केबलवरचा फिकट पिवळा रंग पट्टीवर कुठे आहे ते शोधा. तो तळापासून 51 मिलिमीटरवर सापडला. हिशोब सरळ त्रैराशिकाचा:

तापमान = खालचा आकडा + (वरचा आकडा − खालचा आकडा) × (रंगाची उंची ÷ पट्टीची लांबी)

34 अधिक 48 गुणिले 51 भागिले 60. उत्तर 74.8. आर फेजचा जांभळा रंग 12 मिलिमीटरवर सापडतो, म्हणजे 43.6. वायचा 14 मिलिमीटरवर, म्हणजे 45.2. दशांशाकडे फार आदराने बघू नका. रंग जुळवताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की 0.8 अंश सरकतात, आणि दोन मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून ‘बी साधारण 75, बाकी दोन साधारण 44’ असं म्हणणं प्रामाणिक. डोळ्याने रंग जुळवण्याची मर्यादा तेवढीच आहे.

हे त्रैराशिक एका गृहीतावर उभं आहे. पट्टीवर रंग सारख्या अंतराने वाटलेले आहेत, अर्ध्या उंचीवर अर्धं तापमान, हे ते गृहीत. बऱ्याच चित्रांत ते खरं असतं. पण काही कॅमेऱ्यांत रंग वाटण्याची दुसरी रीत चालू असते. ज्या तापमानाचे बिंदू चित्रात जास्त, त्या तापमानांना जास्त रंग द्यायचे आणि ज्यांचे बिंदू थोडे, त्यांना थोडक्यात आटपायचं. अशाने चित्र देखणं होतं, भिंतीतले बारीक फरकही उमटतात. पट्टीच्या टोकांचे आकडे मात्र जसेच्या तसे दिसतात, आणि मधल्या उंचीवरून काढलेलं उत्तर दहा-पंधरा अंशांनीही चुकू शकतं. पट्टी नुसती बघून हे कळत नाही.

ते पकडायची एक सोपी युक्ती आहे. चित्रात बहुतेक वेळा एक फुलीसारखी खूण असते आणि कोपऱ्यात तिचं तापमान छापलेलं असतं. हा आकडा रंगावरून आलेला नसतो, तो थेट त्या आकड्यांच्या तक्त्यातून घेतलेला असतो. फुलीखालचा रंग पट्टीवर शोधा, त्रैराशिक मांडा आणि उत्तर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. आपल्या चित्रात फुली बीच्या केबलवर आहे आणि आकडा 74.3 आहे. आपलं उत्तर 74.8. जुळलं. पण छापलेला आकडा 61 असता, तर रंग समान वाटलेले नाहीत असं समजायचं आणि मधल्या रंगांवरून तापमान काढायचा नाद सोडून द्यायचा. अशा चित्रात फक्त फुलीचा आकडा आणि टोकांचे आकडे खरे धरायचे.

टोकांचंही एक पथ्य आहे. हाताने ठरवलेल्या पट्टीवर माथ्याच्या रंगाचा अर्थ ‘82’ असा नसतो, ‘82 किंवा त्याहून कितीही जास्त’ असा असतो. 82 अंशांचा लग आणि 140 अंशांचा लग दोन्ही सारखेच पांढरे दिसतील. चित्रात पांढऱ्याचा सपाट, एकसारखा डाग दिसला, त्यात कुठेही चढउतार नसला, तर पट्टी अपुरी पडली आहे असं समजावं. उष्णता कधी अशी सपाट पसरत नाही, ती उगमापाशी सर्वांत जास्त असते आणि हळूहळू उतरत जाते. तळाच्या काळ्या रंगाचंही तसंच, तो ‘34 किंवा त्याहून कमी’.

आता आणखी महत्त्वाची गोष्ट. आपण तापमान वाचलं ते केबलच्या पीव्हीसी आवरणावरचं, चकचकीत लगवरचं नाही. हे मुद्दाम केलं. त्याच चित्रात लग स्वतः जांभळा, जवळजवळ आर फेजइतकाच थंड दिसतो. नवखा माणूस इथे चक्रावतो. सांधा लगवर आहे, उष्णता तिथे तयार होते, मग लग थंड आणि त्याला चिकटलेलं आवरण गरम कसं?

कारण कॅमेरा तापमान बघत नाही, किरण बघतो. सगळे पृष्ठभाग सारख्या उदारपणे किरण सोडत नाहीत. रंग दिलेला पत्रा, प्लॅस्टिक, रबर, लाकूड, कातडी ही मंडळी जवळजवळ सगळी उष्णता दाखवून टाकतात. त्यांची उत्सर्जनक्षमता 0.9 च्या वर असते. चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियम मात्र 0.1 किंवा त्याहूनही कमी सोडतं, आणि उरलेल्या भागात आजूबाजूच्या भिंतींचं, छताचं, आपलंही प्रतिबिंब दाखवतं. कॅमेऱ्यात हा आकडा ‘एमिसिव्हिटी’ किंवा ε या नावाने असतो आणि बहुधा 0.95 वर ठेवलेला असतो. आता हिशोब बघा. चकचकीत लग खरोखर 90 अंशांना आहे, त्याची उत्सर्जनक्षमता 0.1 आहे आणि खोलीतल्या भिंती 33 अंशांना आहेत. 0.95 वर ठेवलेला कॅमेरा त्या लगचं तापमान सुमारे 40 दाखवेल. पन्नास अंशांची चूक, आणि तीही धोका लपवणाऱ्या बाजूला. पट्टी बरोबर, त्रैराशिक बरोबर, आणि उत्तर साफ खोटं.

मग कॅमेऱ्यात 0.1 भरून टाकावं की, असं कुणी म्हणेल. कागदावर ते बरोबर आहे, प्रत्यक्षात नाही. इतक्या कमी आकड्यावर कॅमेऱ्याला मिळणाऱ्या किरणांतला बहुतेक भाग प्रतिबिंबाचा असतो. तो वजा करताना भिंतींचं तापमान एक-दोन अंशांनी चुकलं, किंवा 0.1 च्या जागी खरा आकडा 0.15 निघाला, की उत्तर भलतीकडेच जातं. म्हणून जाणते तंत्रज्ञ चकचकीत धातूवरून तापमान वाचतच नाहीत. ते शेजारचं आवरण, रंगवलेला भाग किंवा आधी शटडाऊन घेऊन लगवर चिकटवलेला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा वाचतात. तो टेप धातूच्याच तापमानाला येतो आणि त्याची उत्सर्जनक्षमता 0.95 च्या आसपास असते. साधा टेप, पण अहवालाची विश्वासार्हता त्याच्यावर ठरते.

प्रतिबिंब आहे की खरी उष्णता, हे ओळखायला यंत्र लागत नाही. कॅमेरा घेऊन दोन पावलं बाजूला सरकायचं. डागही सरकला तर ते प्रतिबिंब. जागेवर राहिला तर उष्णता तिथलीच. आपल्याकडे पुष्कळ पॅनलमध्ये बसबारपुढे पारदर्शक ॲक्रिलिकची शीट लावलेली असते. डोळ्याला तिच्यातून सगळं दिसतं, पण थर्मल कॅमेऱ्याच्या लहरींसाठी ॲक्रिलिक आणि काच या भिंतीच आहेत. शीट न काढता घेतलेलं चित्र त्या शीटचं तापमान सांगतं, मागच्या बसबारचं नाही. अहवालातल्या चित्रात पॅनलचं आतलं काहीच ओळखू येत नसेल, एकसारखी धूसर पाटी दिसत असेल, तर हीच शंका घ्यावी. शीट काढणं हे मात्र परवानाधारक माणसाचंच काम. चालू पॅनल उघडून सभासदांनी स्वतः कॅमेरा लावायला जाऊ नये.

अंतराचाही हिशोब असतो. 160 गुणिले 120 बिंदूंच्या साध्या कॅमेऱ्याने दोन मीटरवरून चित्र घेतलं, तर रुंद दृष्टिक्षेपाच्या कॅमेऱ्यात साधारण दोन मीटर रुंदीचा भाग टिपला जातो. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला जवळजवळ सव्वा सेंटिमीटर आला. भरवशाचं तापमान हवं तर वस्तूने आडवे-उभे किमान तीन-तीन बिंदू व्यापायला हवेत, म्हणजे वस्तू जवळजवळ चार सेंटिमीटरची हवी. त्याहून लहान बोल्ट असेल तर त्याचं तापमान शेजारच्या थंड भागाशी मिसळून कमी दिसतं. दुरून घेतलेल्या चित्रातला लहानसा केशरी ठिपका म्हणून नेहमी संशयाने बघावा. तो जितका दिसतो त्यापेक्षा गरमच असण्याची शक्यता जास्त.

परत आपल्या चित्राकडे. बी 75, आर आणि वाय 44. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात अचूकता बहुधा अधिक-उणे 2 अंश किंवा 2 टक्के, यातलं जे जास्त असेल ते, अशी दिलेली असते. म्हणजे 75 हा आकडा 73 असेल किंवा 77. कोविडच्या काळात दारोदारी तापाची तपासणी करताना हीच अडचण होती. ताप ओळखायचा म्हणजे एक-दीड अंशाचा फरक ओळखायचा, आणि कॅमेऱ्याची चूकच दोन अंशांची. म्हणून नीट केलेल्या तपासणीत कॅमेऱ्याच्या नजरेत एक ठरलेल्या तापमानाची संदर्भवस्तू ठेवावी लागते. पॅनलमध्ये आपली सोय आपोआप होते. आर, वाय आणि बी एकाच चित्रात, एकाच अंतरावर, सारख्याच आवरणाच्या. कॅमेरा दोन अंश जास्त दाखवत असला तर तिघांनाही जास्त दाखवेल. फरक 30 च्या आसपासच राहील. म्हणूनच या कामात नुसत्या तापमानापेक्षा सारख्या भागांमधल्या फरकाला जास्त मान आहे.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल इलेक्ट्रिकल टेस्टिंग असोसिएशनचा एक तक्ता जगभर वापरला जातो. सारख्याच लोडवर असलेल्या सारख्याच भागांमध्ये 1 ते 3 अंशांचा फरक असेल तर दोषाची शक्यता आहे, तपासून बघा. 4 ते 15 असेल तर दोष बहुधा आहेच, दुरुस्ती करा. 15 च्या वर गेला तर मोठा दोष, ताबडतोब दुरुस्त करा. आपला फरक 30. शिवाय साध्या पीव्हीसी केबलची मर्यादा 70 अंशांची असते, आणि आपण आवरणाच्या बाहेरून 75 वाचतोय. आतला सांधा त्याहून गरम असणार.

‘सारख्याच लोडवर’ ही अट विसरून चालत नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. बी फेजवर दुप्पट प्रवाह असेल तर उष्णता चौपट होईल, आणि त्यात सांध्याचा काहीच दोष नसेल. म्हणून चित्र काढताना त्याच वेळी टाँग टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजून अहवालात लिहायला हवेत. समजा, आर 58, वाय 61 आणि बी 60 निघाले. लोड सारखा आहे, म्हणजे दोष सांध्यातच. चित्रही तेच सांगतं. सांधा सैल असेल किंवा गंजला असेल तर केबल लगजवळ पिवळी आणि पुढे केशरी, तांबूस, जांभळी होत जाते. जास्त लोडमुळे तापलेली केबल मात्र दिसेल तितक्या लांबीपर्यंत एकाच रंगाची असते. हा उतार बघायला आकड्यांची गरज नाही, आणि मला तो अहवालातल्या कोणत्याही आकड्याइतकाच बोलका वाटतो.

चित्र सकाळी अकराला घेतलं आहे, हेही टिपून ठेवा. रात्री सगळ्या घरांतले एसी चालू झाले की हेच 60 अँपिअर 90 होतील. प्रवाह दीडपट, उष्णता सव्वादोनपट. खोलीच्या 33 अंशांवर बीची केबल आता 42 अंश चढलेली आहे. ही चढण सरळ सव्वादोनपट होत नाही, कारण वस्तू जितकी गरम तितकी ती उष्णता जोमाने बाहेर टाकते. तरी आवरण शंभरीच्या पुढे जाईल असं धरून चालावं. थर्मल चित्र त्या क्षणाचं तापमान सांगतं. पट्टीवर रात्रीचा आकडा नसतो, तो लोड बघून आपणच काढायचा असतो.

पावसाळ्यात हेच कॅमेरे गळती शोधायला येतात, तिथे पट्टीचं महत्त्व आणखी वाढतं. भिंतीचं चित्र येतं, कोपऱ्यात गडद निळा ओघळ, अगदी पाणी वाहिल्यासारखा. पट्टी बघावी तर खाली 27.1 आणि वर 29.4. सगळा खेळ सव्वादोन अंशांचा. ओल असलेली जागा बाष्पीभवनामुळे एक-दोन अंश थंड असते हे खरं. पण एसीच्या झोताने, मागच्या बाजूच्या सावलीने, भिंतीतल्या बीमनेही तितका फरक पडतो. निळा रंग पाण्याचा पुरावा नाही. त्या जागी ओल मोजायचं यंत्र टेकवल्याशिवाय प्लास्टर फोडायला परवानगी देऊ नका. अशा चित्रांवर हजारो रुपयांची कामं ठरतात, म्हणून हे जरा आग्रहाने सांगतो.

अहवाल कोणत्या स्वरूपात मिळतो त्यावरही बरंच ठरतं. चांगल्या कॅमेऱ्याच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये रंगीत चित्रासोबत तो आकड्यांचा तक्ताही दडलेला असतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली की कोणत्याही बिंदूचं तापमान वाचता येतं, पट्टी बदलता येते, चुकलेली उत्सर्जनक्षमताही नंतर दुरुस्त करता येते. तीच फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, की चित्र दाबून लहान होतं आणि तक्ता गळून पडतो. रंगही थोडे एकमेकांत मिसळतात, पट्टीवर जुळवताना आणखी दोन-तीन अंशांचा घोळ होतो. काही कॅमेरे उष्णतेच्या चित्रावर साध्या फोटोच्या कडा आणि अक्षरं चढवतात, म्हणजे स्विचवरचं नाव वाचता यावं. सोय चांगली आहे, पण त्या काळ्या-पांढऱ्या रेघांवरचा रंग पट्टीशी जुळवू नये, तो भेसळीचा असतो. सपाट भागावरचाच रंग घ्यावा.

बी फेजचं काम तसं साधं. शटडाऊन घ्यायचा, लग उघडायचा, कार्बन आणि गंज साफ करायचा, जळकं टोक कापून गरज असेल तर नवीन लग दाबून बसवायचा आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळायचं. त्यानंतर दुसरं चित्र आलंच पाहिजे, आणि ते पहिल्याच पट्टीवर, 34 ते 82 कुलूपबंद ठेवून, तितक्याच म्हणजे साठेक अँपिअर लोडवर घेतलेलं हवं. ऑटोवर घेतलं तर दुरुस्त झालेल्या पॅनलमध्येही कुठला तरी लग पांढरा दिसेल आणि पुन्हा वाद सुरू होईल. तेव्हा अहवालाचं बिल मंजूर करण्याआधी दुरुस्तीपूर्वीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं मूळ फाइलच्या रूपात मागून घ्या, आणि प्रत्येक चित्राखाली पट्टीचे दोन आकडे, उत्सर्जनक्षमता आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहून मागा. हे चार तपशील ज्यात नाहीत, तो अहवाल परत पाठवा.